फ्लॅग आणि ट्रँगल: ही विश्रांती की वळण? व्हॉल्यूम आटलंय हे नेमकं कशाच्या तुलनेत म्हणायचं?

सायली_चार्ट

नमस्कार मंडळी. डेली चार्टवरची दोन जुनी उदाहरणं मांडते. शेअरची नावं आणि पुढचा भाग मुद्दाम झाकलाय, कारण पुढचं दिसलं की सगळेच शहाणे होतात.

चार्ट क: दोन महिने भाव ९६ ते १०२ मध्ये पडून होता, व्हॉल्यूम रोज सरासरी ४ लाख. मग सहा सत्रांत १०० वरून १२५. त्या सहा दिवसांचं व्हॉल्यूम लाखांत ९, १२, १४, १३, ११, १०. पुढे नऊ सत्रं भाव हळूहळू खाली सरकत ११७ पर्यंत आला. व्हॉल्यूम ८, ७, ६, ५, ५, ४, ४, साडेतीन, ३.

चार्ट ख: सात महिन्यांत ६० वरून वर आलेला शेअर, वाटेत दोनदा थांबून पुढे गेलेला. रोजचं व्हॉल्यूम इथेही ४ लाखांच्या आसपास. शेवटच्या सहा सत्रांत १०८ वरून उसळी, व्हॉल्यूम ५, ६, ७, ९, १४, २०. वीस लाखांच्या दिवशी गॅप-अप उघडून १२८ ला टेकला आणि १२३ ला बंद झाला. मग नऊ सत्रांत ११७. व्हॉल्यूम १३, ११, १०, ९, ८, ८, ९, ९, १०.

दोन्हीकडे खाली कललेला समांतर पट्टा आहे, दोन्हीकडे व्हॉल्यूमच्या दांड्या उतरत्या दिसतात. पुस्तकी व्याख्येने दोन्ही बुल फ्लॅग. पण मला वाटतं दोन्ही एकच गोष्ट नाहीत. ब्रेकआउटच्या आधी हा फरक कसा सांगाल?

---

तेजीबहाद्दर

सरळ आहे. व्हॉल्यूम आटलं म्हणजे घेणारे संपले. ट्रेंडला व्हॉल्यूमची साथ हवी हे डाऊच्या काळापासून चालत आलंय. क मध्ये व्हॉल्यूम ३ लाखांवर आलं, म्हणजे कुणालाच रस उरलेला नाही. ख मध्ये निदान ९-१० लाख शेअर हलतायत. मी असतो तर ख घेतला असता.

---

रानवारा

ताई, टार्गेट काढायचं असेल तर पोलची, म्हणजे फ्लॅगच्या आधीच्या उभ्या चालीची उंची मोजा. क मध्ये २५. ती फ्लॅगच्या तळाला मिळवली की १४२. ब्रेकआउटच्या भावाला मिळवणारेही आहेत, पण मी तळाला मिळवतो, आकडा जरा सबुरीचा येतो.

---

सायली_चार्ट

@रानवारा, धन्यवाद, पण माझा प्रश्न टार्गेटचा नाही. टार्गेट मोजण्याआधी हा फ्लॅग आहे की नाही तेच ठरवायचंय.

---

जुनी_वही

तेजीबहाद्दर, तुम्ही सांगता तो नियम खरा आहे, पण तो चालत्या भावाचा. भाव नवा उच्चांक करतोय आणि व्हॉल्यूम मागच्या उच्चांकापेक्षा कमी, तर काळजी करावी. थांबलेल्या भावाला तोच नियम लावला की निष्कर्ष उलटा निघतो.

फ्लॅगमध्ये विकतंय कोण ते बघा. क मध्ये १०० ते १२५ च्या चालीत साधारण ६९ लाख शेअर हातबदल झाले. ज्यांनी १०५-११० ला घेतले त्यांच्याकडे नफा आहे. त्यातले थोडे सुटतात, भाव खाली सरकतो. आता तो १२५ वरून ११७ ला आला आणि रोजची विक्री ८ लाखांवरून ३ लाखांवर आली, याचा अर्थ नफ्यात असलेले बहुतेक लोक ११७ ला विकायला तयार नाहीत. घेणारे अंगावर धावून येत नाहीयेत हे मान्य. पण विकणारेही संपत आलेत, आणि अशा वेळी थोडी मागणी आली तरी भाव वर जातो. म्हणून भाव *खाली सरकताना* आटणारं व्हॉल्यूम ही चांगली खूण.

आता ख. २० च्या मानाने ८-१० बघितलं तर निम्मं किंवा त्याहून कमी, म्हणून आटल्यासारखं दिसतं. पण ती २० लाखांची दांडी इतकी उंच आहे की तिच्या शेजारी काहीही बुटकंच दिसणार. चार्टची व्हॉल्यूमची पट्टी सगळ्यात उंच दांडीवरून माप घेते, डोळाही तेच करतो. खरी तुलना चालीच्या *आधीच्या* रोजच्या पातळीशी करा. ती ४ लाख. ख त्या पातळीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त व्हॉल्यूमवर नऊ दिवस उतरतोय. ही विश्रांती नव्हे, कुणीतरी रोज माल मोकळा करतंय आणि भाव त्याच्या वजनाने खाली येतोय.

शिवाय शेवटच्या तीन दिवसांत ८ वरून ९, ९, १० झालंय. भाव तळाकडे आणि व्हॉल्यूम वाढतंय. निव्वळ हे एवढं दिसलं तरी मी फ्लॅग म्हणणार नाही.

---

कॅण्डलवाला

वाढणाऱ्या शेवटच्या दांड्यांना +१. मी वीस दिवसांची व्हॉल्यूम सरासरी लावतो आणि फ्लॅगच्या शेवटी दांडी त्या रेषेखाली हवी, इतकंच बघतो.

---

जुनी_वही

कॅण्डलवाला, वीस दिवसांच्या सरासरीत पोलचे दिवसही शिरतात, तिथे फसगत होते. ख चं गणित करा. नवव्या दिवशीच्या वीस सत्रांत पोलची सहा आणि उताराची नऊ, म्हणजे पंधरा सत्रं भारी व्हॉल्यूमची. सरासरी साधारण साडेआठ निघते. ८-९ लाखांचे दिवस तिच्या आजूबाजूलाच पडतात, आणि 'नॉर्मल झालं बुवा' असं वाटतं. पोल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी जी सरासरी होती ती आडवी रेघ ओढून पुढे न्या. क मध्ये दांड्या सहाव्या-सातव्या दिवशी त्या रेघेला टेकतात आणि नंतर खाली जातात. ख मध्ये एकही दांडी रेघेजवळ येत नाही.

---

कॅण्डलवाला

हे पटलं. सरासरीची लांबी वाढवून पन्नास केली तरी चालेल ना?

---

जुनी_वही

चालेल, फरक कमी पडेल. तरी गोठवलेली आडवी रेघ जास्त स्वच्छ.

---

मनमौजी

इतका वेळ व्हॉल्यूम व्हॉल्यूम चाललंय. माझं नावच बदलून 'दांडीमापक' करावं म्हणतो :)

---

तेजीबहाद्दर

जुनी_वही, थांबलेल्या भावाचा मुद्दा घेतला. पण मग फक्त व्हॉल्यूमवर निवाडा करताय की. शीर्षकात तर सगळी चर्चा 'विश्रांती की वळण' अशी आहे. हेड अँड शोल्डर्सच्या उजव्या खांद्यालाही व्हॉल्यूम कमीच असतं. वर चढणाऱ्या वेजमध्येही कमी होत जातं. ते दोन्ही तर रिव्हर्सल आहेत!

---

जुनी_वही

हा प्रश्न आवडला, कारण इथेच बहुतेक लोक अडतात. आटणारं व्हॉल्यूम एकटं काहीच सांगत नाही. भाव आखडला की व्हॉल्यूम आखडतं, मग पुढे काहीही होवो. फरक सांगते ती आधीची चाल, आणि आटताना भावाची दिशा.

उजव्या खांद्याला भाव *वर* जातोय आणि व्हॉल्यूम कमी, म्हणजे वर नेणारे दमले. वेजचंही तेच. फ्लॅगमध्ये भाव ट्रेंडच्या *उलट* सरकतोय आणि व्हॉल्यूम कमी, म्हणजे उलट दिशेला कुणी जोर लावत नाही. म्हणून तेजीतला फ्लॅग खाली किंवा आडवा कललेला हवा. वर चढत जाणारा 'फ्लॅग' कमी व्हॉल्यूमवर दिसला तर मी हात आखडता घेतो.

आणि आधीची चाल. पोलकडे मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, ती कुठून सुटली. क दोन महिन्यांच्या पडून राहिलेल्या पट्ट्यातून सुटला, ही चालीची सुरुवात आहे. ख सात महिने चालून दुपटीहून वर आलेला, आणि ही तिसरी विश्रांती. पहिल्या-दुसऱ्या थांब्यावर मी जितका विश्वास ठेवतो तितका तिसऱ्यावर नाही.

दुसरी, पोलमध्ये व्हॉल्यूम कुठे भरलंय. क मध्ये सुरुवातीला आणि मध्ये: ९, १२, १४, १३. मोठी मागणी आधी आली, भाव मागून गेला. ख मध्ये सगळं शेवटी: ९, १४, २०. जे सात महिने बघत बसले होते ते शेवटच्या दोन दिवसांत धावले, आणि ज्यांच्याकडे ६०-७० चा माल होता त्यांना एवढं गिऱ्हाईक एका दिवसात पुन्हा कधी मिळणार?

तिसरी, शेवटच्या दिवसाचा बंद. १२८ ला टेकून १२३ ला बंद, तोही सगळ्यात मोठ्या व्हॉल्यूमवर. वीस लाख शेअर घेतले गेले आणि तरी भाव वरून पाच खाली. तेवढा माल पुरवणारं कुणीतरी वर बसलं होतं.

---

सायली_चार्ट

हे 'व्हॉल्यूम पोलमध्ये कुठे भरलंय' मी कधी पाहिलं नव्हतं, मी फक्त पोल उभा आहे का बघत होते. आणि परतावा? क पोलच्या २५ पैकी ८ परत आला, साधारण तिसरा हिस्सा. ख १०८ ते १२८ अशा २० पैकी ११, म्हणजे निम्म्याहून जास्त.

---

रानवारा

निम्म्याच्या वर गेला की माझ्यासाठी फ्लॅग संपला.

---

कॅण्डलवाला

मी ३८ टक्क्यांनाच सोडतो. त्याखाली गेला तर 'झेंडा' राहत नाही, साधं करेक्शन होतं.

---

जुनी_वही

इतका काटेकोर आकडा मी वापरत नाही. मोठ्या पोलनंतर निम्मा परत येऊन पुढे गेलेले पाहिलेत. पण निम्मा परत *आणि* व्हॉल्यूम जुन्या पातळीच्या दुप्पट, हे दोन्ही एकत्र असतील तर मला तिसरी खूण लागत नाही. वेळही बघा. डेलीवर फ्लॅग तीन आठवड्यांच्या आत सुटायला हवा. चौथा आठवडा लागला की मी त्याला फ्लॅग म्हणणं सोडतो.

---

तिमिर

मी करन्सी स्पॉटमध्ये काम करतो. तिथे व्हॉल्यूम म्हणून जे दिसतं ते भाव किती वेळा हलला याची मोजणी असते, खरे सौदे नाहीत, आणि तेही त्या एका ब्रोकरपुरतं. मग आम्ही काय करायचं?

---

जुनी_वही

टिकची मोजणी हालचालीचा साधारण अंदाज देते, पण दिवसाच्या तासांप्रमाणे ती आपोआप चढते-उतरते. दुपारच्या शांत वेळेला 'आटली' म्हणून फ्लॅग मानू नका. आजच्या तासाची तुलना कालच्या त्याच तासाशी करा. नाहीतर त्याच करन्सीचा एक्सचेंजवरचा फ्यूचर बघा, तिथलं व्हॉल्यूम खऱ्या सौद्यांचं असतं.

---

तिमिर

त्याच तासाशी तुलना, हे करून बघतो. शेअरमधल्या इंट्राडेवाल्यांनाही लागू आहे की. पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास नेहमी भरलेले असतात, सकाळी पोल झाला की दुपारी व्हॉल्यूम आटणारच, फ्लॅग असो वा नसो.

---

भाऊ_उलाढाल

व्हॉल्यूमच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका एवढं सांगायला आलो. माझ्याकडच्या एका शेअरमध्ये फ्लॅगच्या मधोमध एकास एक बोनस झाला. डेटा देणाऱ्याने भाव जुळवून घेतला, मागचं व्हॉल्यूम जुळवलं नाही. शेअरांची संख्या दुप्पट झाल्यामुळे बोनसनंतर रोजच्या दांड्या एकदम दुप्पट दिसायला लागल्या, चार्टवर चक्क 'डिस्ट्रिब्युशन'. शंका आली म्हणून शेअरांची संख्या सोडून त्या दिवसाची उलाढालीची रक्कम बघितली, ती कमी होत होती. तेव्हापासून काही विचित्र दिसलं की उलाढाल ताडून बघतो. तसाच एखादा एकगठ्ठा सौदा, किंवा इंडेक्समधल्या बदलाचा दिवस. ती दांडी बाजूला ठेवून बाकीच्या वाचा.

---

सायली_चार्ट

भाऊ, हे तपासलं, दोन्ही चार्टमध्ये स्प्लिट-बोनस काही नाही. आता ट्रँगलकडे वळूया का? तिथे तर कलच नसतो, मग 'ट्रेंडच्या उलट सरकताना आटतंय' हे कसं बघायचं?

---

जुनी_वही

सिमेट्रिकल ट्रँगलला फ्लॅगपेक्षा आधीच्या चालीची गरज जास्त. आत भाव दोन्हीकडे हेलकावे खातो, टोकं जवळ येतात, व्हॉल्यूम आटतंच. वर सुटणाऱ्यातही आटतं, खाली सुटणाऱ्यातही. ज्याच्या आधी ठळक चाल नाही असा ट्रँगल मी कंटिन्यूएशन म्हणून मोजतच नाही, पुढे न्यायला आधी काही चाललेलं तर हवं.

चाल असेल तर आतले हेलकावे वेगळे करा. वर जाणाऱ्या पायांचं सरासरी व्हॉल्यूम काढा, खाली येणाऱ्यांचं काढा. समजा वरचे पाय रोज ६ लाख, मग ५, आणि खालचे पाय ४, मग ३. एकूण आटतंय, पण प्रत्येक वेळी वर जाताना जास्त. तेजीनंतर हे दिसलं तर विश्रांती. उलटं दिसलं, खालच्या पायांवर जास्त, तर आकार कितीही देखणा असो, मी थांबतो.

आणि सुटण्याची जागा. सुरुवातीपासून टोकापर्यंतच्या लांबीत निम्मं ते पाऊण अंतर कापलं की सुटायला हवा. पार टोकापर्यंत रेंगाळला तर सुटला तरी जोर नसतो, भाव रेषांमधून आडवा पाझरतो.

---

मनमौजी

आणि टोकापर्यंत पोचला की लोक रेषा पुन्हा आखतात, म्हणजे टोक पुढे सरकतं. बघितलंय मी :)

---

गणितवेडा

मनमौजींनी थट्टेत म्हटलं, पण माझा मूळ आक्षेप तोच आहे. रेषा आखणारा माणूस, आणि ट्रँगल होता की नाही हे ठरतं सुटल्यावर. २००० साली ॲन्ड्र्यू लो आणि दोन सहकाऱ्यांनी हे मशीनवर टाकून बघितलं होतं: भाव गुळगुळीत करून संगणकाला ठरलेल्या नियमांनी आकार शोधायला लावले, १९६२ ते १९९६ चे अमेरिकी शेअर. काही आकारांनंतरच्या परताव्यांची विभागणी नेहमीपेक्षा वेगळी निघाली, म्हणजे आकारात काहीतरी माहिती आहे. पण त्यातून नफा होतोच असं त्यांनी म्हटलेलं नाही. त्यांच्या दहा आकारांत ट्रँगल होता, फ्लॅग नव्हता. तेव्हा इथे 'पोल', 'जुनी पातळी' वगैरे जे चाललंय त्याचा पुरावा कुठे आहे?

---

जुनी_वही

तुम्ही म्हणता तसा कागदी पुरावा मी देऊ शकत नाही. म्हणूनच आडवी रेघ, पोलच्या कितव्या हिश्श्यात व्हॉल्यूम, तीन आठवडे, असे *आधी* मोजता येणारे निकष धरतो. निदान नंतर रेषा हलवता येत नाहीत. कुणाला कोडमध्ये टाकून तपासायचं असेल तर ते शक्य आहे.

---

गणितवेडा

'पोल सुटला तो दिवस' कोडने कसा ठरवायचा, तिथेच अडणार. दहा जण दहा दिवस निवडतील. पण ठीक, प्रयत्न करतो.

---

निशिगंध

कुणी बेअर फ्लॅगबद्दल बोललं नाही. तिथे ब्रेकडाउनला व्हॉल्यूम वाढलंच पाहिजे का?

---

जुनी_वही

नाही. वर जायला पैसे लागतात, खाली यायला घेणारे बाजूला झाले तरी पुरतं. वर सुटताना व्हॉल्यूम नसेल तर मी संशय घेतो, खाली सुटताना नसलं तरी ब्रेकडाउन खरा असू शकतो. फ्लॅगच्या आत मात्र निकष तेच: वर सरकताना आटायला हवं.

---

सायली_चार्ट

आता झाकलेला भाग उघडते.

क: दहाव्या सत्राला १२२ ला बंद, पट्ट्याची वरची रेघ १२० च्या जवळ होती, व्हॉल्यूम ११ लाख. पुढे चौदा सत्रांत १३८ पर्यंत. रानवारांचं १४२ आलं नाही.

ख: दहाव्या-अकराव्या दिवशी वरची रेघ ओलांडली, १२२ ला बंद, व्हॉल्यूम ७ लाख. तिसऱ्या दिवशी परत पट्ट्यात. मग ११६ तुटला, १५ लाखांवर, थेट ११२. पण त्यानंतर पडला नाही. पाच आठवडे ११२ ते ११९.

---

तेजीबहाद्दर

वरची रेघ ओलांडताना ७ लाख, म्हणजे उताराच्या रोजच्या दांड्यांहूनही कमी. तिथे मी नक्की घेतला असता. जुनी_वही, पण रिव्हर्सल तरी कुठे झालं? पाच आठवडे पडला नाही!

---

जुनी_वही

फ्लॅग नव्हता एवढंच मी म्हणालो. फ्लॅग नसणं म्हणजे लगेच कोसळणं नव्हे. सायली, त्या पाच आठवड्यांतलं व्हॉल्यूम किती?

---

सायली_चार्ट

सुरुवातीला ८ लाख, शेवटी साडेचार. तळ ११२, ११३, ११४ असे किंचित वर, माथे ११९ च्या जवळपास सपाट.

---

कॅण्डलवाला

अरे, हा तर असेंडिंग ट्रँगल! आणि व्हॉल्यूमही आता जुन्या ४ लाखांच्या रेघेजवळ आलं.

---

जुनी_वही

हो, पण कशाचं कंटिन्यूएशन? सात महिन्यांची तेजी धरली तर वर, १२८ वरून ११२ ची घसरण धरली तर खाली. इथे आधीची चाल कोणती मानायची यावर माझं मत ठाम नाही. पायांचं व्हॉल्यूम वेगळं करून टाकता का? ११९ कडे जाणाऱ्या पायांवर जास्त निघालं तर मी वरच्या बाजूने विचार करेन, पण स्टॉपलॉस ११४ च्या खाली.

---

गणितवेडा

आणि माझ्या कोडला नेमका हाच प्रश्न विचारावा लागेल: पोल किती मागे जाऊन शोधायचा, सहा सत्रं की सात महिने. सायली, दोन्ही चार्टचा डेटा द्याल का? दोन्ही लांबी लावून बघतो.

---

सायली_चार्ट

रोजचे आकडे आज रात्री टाकते, पायांचं व्हॉल्यूमही वेगळं करून.